नॉर्म आधी की नंतर?

ट्रान्सफॉर्मर जगापुढे आणणारा गूगलचा शोधनिबंध जून २०१७ मध्ये आला. त्याच सुमारास `tensor2tensor` नावाचा कोडसंग्रहही खुला झाला. त्या कोडमध्ये प्रत्येक थरात कोणत्या क्रमाने काय करायचं हे अक्षरांनी लिहिलेलं असे. `d` म्हणजे ड्रॉपआउट, `a` म्हणजे आधीची किंमत तशीच मिळवणं आणि `n` म्हणजे नॉर्म. निबंधातल्या मॉडेलची मांडणी होती `"dan"`. म्हणजे थराने आपलं काम करावं, मग ड्रॉपआउट, मग बेरीज आणि सर्वांत शेवटी नॉर्म. या ओळीच्या वर `noam` या नावाने एक टिपण लिहिलेलं होतं. निबंधाच्या लेखकांपैकी नोम शझीर यांचं हे नाव. सध्याची मांडणी छापलेल्या मॉडेलची आहे, पण `n` आधी आणि `da` नंतर ठेवलं तर शिकायला अवघड जाणाऱ्या मॉडेलांना ते जास्त मानवतं असं दिसतं, तेव्हा बहुधा तेच कायमचं करायला हवं, असा त्या टिपणाचा आशय होता. पुढे त्याच संग्रहातल्या `transformer_base_v2` मध्ये तसा बदल झालाही.

निबंधातली ती प्रसिद्ध आकृती मात्र बदलली नाही. त्यामुळे बराच काळ वाचणारे एक मॉडेल शिकत होते आणि कोड चालवणारे दुसरंच चालवत होते.

एका अक्षराची जागा बदलण्यात एवढं काय आहे, हे समजायला दीड-दोन वर्षं मागे जावं लागतं. डिसेंबर २०१५ मध्ये कायमिंग हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसनेट मांडलं आणि १५२ थरांचं जाळं शिकवून दाखवलं. त्यांची युक्ती साधी होती. थराने आलेल्या किंमतीची जागा घ्यायची नाही, तिच्यात फक्त भर टाकायची. अशाने तळापासून माथ्यापर्यंत बेरजांची एक सरळ वाट तयार होते. प्रत्येक थर तिच्यातून एक फांदी काढतो, काहीतरी हिशेब करतो आणि उत्तर पुन्हा वाटेवर मिळवतो. मार्च २०१६ मध्ये याच मंडळींनी दुसरा निबंध लिहिला. त्यात म्हटलं होतं की बेरजेनंतर त्या मुख्य वाटेवर काहीही ठेवू नका. नॉर्म आणि अॅक्टिव्हेशन दोन्ही फांदीच्या सुरुवातीला न्या. तसं केल्यावर १००१ थरांचं जाळंही नीट शिकलं. म्हणजे चित्रं ओळखणाऱ्यांच्या जगात हा वाद ट्रान्सफॉर्मरच्या आधीच निकालात निघाला होता. तरी भाषांतराच्या मॉडेलांवर काम करणाऱ्यांनी २०१७ मध्ये जुनीच जागा निवडली. सहा थरांच्या मॉडेलला तिने काही त्रास दिला नाही, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं.

दोन्ही मांडण्या कोडमध्ये एकेका ओळीच्या आहेत:

```python
x = norm(x + f(x))   # पोस्ट-नॉर्म, २०१७ चा निबंध
x = x + f(norm(x))   # प्री-नॉर्म
```

इथे `f` म्हणजे अटेन्शन किंवा फीड-फॉरवर्ड जाळं. एका थरात ही दोन्ही एकामागून एक येतात, म्हणून एका थरात बेरजेचे दोन सांधे असतात. `norm` म्हणजे लेयरनॉर्म. जिमी बा, जेमी किरोस आणि जेफ्री हिंटन यांनी तो २०१६ मध्ये सुचवला. एका शब्दाच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून वजा करायची, मग त्यांच्या प्रमाण विचलनाने भागायचं, म्हणजे आकड्यांचा पसारा नेहमी एककाएवढाच राहतो.

आता पोस्ट-नॉर्मचा हिशेब हातानेच करून पाहू. नॉर्ममधून आलेल्या `x` चा व्हेरियन्स १ आहे. मॉडेल अजून कोरं आहे, फांदीतून आलेली भरही साधारण १ व्हेरियन्सची आणि `x` शी संबंध नसलेली आहे असं धरू. बेरीज केल्यावर व्हेरियन्स २ होतो. तो पुन्हा १ वर आणण्यासाठी नॉर्म सगळ्याला √२ ने भागतो. पुढे जाताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आकडे कायम नीटनेटके दिसतात. शिकणं मात्र उलट्या दिशेने चालतं. चुकांची खबर, म्हणजे ग्रेडियंट, माथ्याकडून तळाकडे येते आणि सरळ वाटेने येतानाही प्रत्येक सांध्यावर √२ ने भागली जाते. सहा थरांत बारा सांधे, म्हणजे तळाशी चौसष्टावा भाग पोहोचतो. बारा थरांत ४०९६ वा भाग. चोवीस थरांत अठ्ठेचाळीस सांधे, आणि सरळ वाटेने तळाशी पोहोचतो सुमारे एक कोटी ६८ लाखांतला एक भाग. फांद्यांतूनही ग्रेडियंट खाली येतो, त्यामुळे प्रत्यक्षातली घट इतकी भीषण नसते. पण सरळ वाट ज्यासाठी होती ते काम ती करत नाही. पोस्ट-नॉर्म म्हणजे महामार्गावरच दर चौकात टोलनाका. प्री-नॉर्मने ते नाके गल्ल्यांच्या तोंडाशी हलवले आणि महामार्ग मोकळा सोडला.

सहा थरांपुरतं हे निभावून नेण्यासाठी २०१७ च्या निबंधात एक कुबडी होती: वॉर्मअप. लर्निंग रेट पहिल्या पावलाला जवळपास शून्य ठेवायचा आणि ४००० पावलांत सरळ रेषेत चढवायचा. ५१२ रुंदीच्या मूळ मॉडेलसाठी त्यांच्या सूत्राने शिखर येतं ०.०००७ च्या आसपास. पहिलं पाऊल त्याच्या चार हजाराव्या भागाचं. त्यानंतर पावलांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात रेट उतरत जातो. निबंधात हे सूत्र आहे, पण वॉर्मअप कशासाठी याचं उत्तर नाही. पुढची दोन-तीन वर्षं तो मंत्रासारखा वापरला गेला. काढला की मॉडेल बिघडतं एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

खोलीची हाव वाढली तशी ही कुबडी अपुरी पडू लागली. २०१८ च्या ऑक्टोबरमधलं बर्ट पोस्ट-नॉर्मच होतं. त्याची मोठी आवृत्ती चोवीस थरांची आणि वॉर्मअप दहा हजार पावलांचा. २०१९ मध्ये चिआंग वांग आणि सहकाऱ्यांनी भाषांतराच्या मॉडेलवर दोन्ही मांडण्या समोरासमोर ठेवल्या. सहा थरांत दोन्हींत फारसा फरक नव्हता. एन्कोडर वीस थरांचा केल्यावर पोस्ट-नॉर्म शिकलाच नाही. प्री-नॉर्म शिकला आणि सहा थरांच्या मॉडेलपेक्षा चांगलं भाषांतर करू लागला. असं अपयश ओळखायला सोपं असतं. लॉस थोडा उतरतो, कोणता शब्द किती वेळा येतो एवढं शिकून घेतो आणि तिथेच आडवा पसरतो. स्फोट नाही, `nan` नाही, नुसता चिकटलेला आकडा. थरागणिक ग्रेडियंटची लांबी छापून पाहिली की वरचे थर भरलेले आणि खालचे कोरडे दिसतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ओपनएआयचं जीपीटी-२ आलं. मोठ्या आवृत्तीत ४८ थर. त्यांनी नॉर्म फांदीच्या तोंडाशी नेला आणि दोन बारकाव्यांची भर घातली. पहिला म्हणजे शेवटच्या थरानंतर एक जादा नॉर्म. प्री-नॉर्ममध्ये मुख्य वाटेवरचे आकडे कुठेच आवरले जात नाहीत, त्यामुळे शब्द निवडण्याआधी ते एकदा आवरावेच लागतात. हा शेवटचा नॉर्म विसरणं ही हाताने कोड लिहिणाऱ्याची नेहमीची चूक. दुसरा म्हणजे फांदीतून वाटेवर भर टाकणारी वेट्स सुरुवातीला १/√N ने लहान करणं, जिथे N म्हणजे सांध्यांची संख्या. ४८ थरांत ९६ सांधे, म्हणजे प्रत्येक भर सुमारे ९.८ ने लहान. ९६ भरींचा मिळून व्हेरियन्स मग १ च्या आसपास राहतो, ९६ होत नाही. जीपीटी-२ च्या अहवालात हे सगळं दोन-तीन वाक्यांत उरकलं आहे, आणि पुढची कित्येक मॉडेलं त्या दोन-तीन वाक्यांवर उभी राहिली.

वॉर्मअपच्या मंत्राचा अर्थ २०२० मध्ये उलगडला. रुइबिन शिओंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोऱ्या पोस्ट-नॉर्म मॉडेलमध्ये माथ्याजवळच्या थरांचे ग्रेडियंट मोठे असतात आणि मॉडेल कितीही खोल असलं तरी ते लहान होत नाहीत. प्री-नॉर्ममध्ये ते थरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतात. अशा मोठ्या ग्रेडियंटवर पहिल्याच पावलाला पूर्ण लर्निंग रेट लावला की माथा भलतीकडे फेकला जातो, म्हणून सुरुवात हळू करावी लागते. त्यांचा प्रयोग बोलका आहे. जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या छोट्या मॉडेलला वॉर्मअपसह ३४ च्या आसपास ब्लू गुण मिळत होते. वॉर्मअप काढल्यावर पोस्ट-नॉर्म ८.४५ वर अडकला. प्री-नॉर्मला वॉर्मअपशिवायही काही झालं नाही.

त्याच वर्षी लियुआन लिऊ आणि सहकाऱ्यांनी या कथेत एक दुरुस्ती सुचवली, आणि मला तीच जास्त खोलवर जाणारी वाटते. त्यांचं म्हणणं असं की ग्रेडियंट आटणं हे मूळ दुखणं नव्हे. अॅडम हा ऑप्टिमायझर प्रत्येक वेटच्या ग्रेडियंटला त्याच्याच सरासरी आकाराने भागतो, म्हणजे लहान-मोठेपणा बराचसा तोच पुसून टाकतो. खरा प्रश्न असा की सगळी वेट्स एक पाऊल हलली तर मॉडेलचं उत्तर किती हलतं? ते फार हललं तर पुढचं पाऊल चुकीच्या जागेवरून पडतं.

याचा हिशेबही आपल्या त्याच गृहीतावर करता येतो. पोस्ट-नॉर्ममध्ये प्रत्येक सांध्यावर वाटेवरची किंमत १ आणि नवी भर १; म्हणजे नॉर्मनंतर ताज्या फांदीचा वाटा नेहमी अर्धा. फांदी पहिली असो की अठ्ठेचाळिसावी, तिचा आवाज तेवढाच मोठा. प्रत्येक फांदी थोडी हलली की सगळ्यांचे वाटे मिळून बारा सांध्यांत ६ होतात, अठ्ठेचाळीस सांध्यांत २४. थर चौपट, तर थरथरही चौपट. प्री-नॉर्ममध्ये वाट साचत जाते. पहिली भर येते तेव्हा वाटेवर १ असतं, तिचा वाटा अर्धा. दुसरीचा तिसरा हिस्सा, तिसरीचा चौथा. ही बेरीज बारा सांध्यांत सुमारे २.२ होते आणि अठ्ठेचाळीस सांध्यांत ३.५. चौपट खोलीला दीडपटीच्या आसपास. त्यांच्या निबंधातला निष्कर्षही हाच: उत्तरातला बदल पोस्ट-नॉर्ममध्ये खोलीच्या प्रमाणात वाढतो, प्री-नॉर्ममध्ये खोलीच्या लॉगच्या प्रमाणात.

घटत्या वाट्यांच्या या मालिकेत प्री-नॉर्मचं यश आहे, आणि त्याचं दुखणंही त्याच मालिकेत आहे. दुखण्याकडे पुढे वळू. त्याआधी आरएमएसनॉर्मचा हिशेब उरकायला हवा, कारण स्थिरतेचं बरंचसं श्रेय लोक चुकून त्याला देतात.

बियाओ झांग आणि रिको सेनरिख यांनी २०१९ मध्ये विचारलं, लेयरनॉर्ममधली सरासरी वजा करण्याची पायरी हवी कशाला? त्यांनी ती काढून टाकली आणि आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने नुसतं भागलं. समजा आकडे आहेत १, ३, ५, ७. लेयरनॉर्म सरासरी ४ वजा करतो, २.२४ ने भागतो आणि मिळतात −१.३४, −०.४५, ०.४५, १.३४. आरएमएसनॉर्म २१ चं वर्गमूळ, म्हणजे ४.५८ ने भागतो आणि मिळतात ०.२२, ०.६५, १.०९, १.५३. मूळ आकडे दहापट केले तरी दोन्हींची उत्तरं तीच येतात. मोजपट्टीपासूनची ही अलिप्तता हाच नॉर्मचा उपयोगी भाग आहे, मध्य शून्यावर आणणं नव्हे, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या प्रयोगांत मॉडेलची गुणवत्ता लेयरनॉर्मएवढीच राहिली आणि धावण्याचा वेळ ७ ते ६४ टक्क्यांनी कमी झाला. वरचा आकडा सगळीकडे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो मॉडेलवर आणि नॉर्मचा कोड किती घट्ट लिहिला आहे त्यावर अवलंबून असतो. गूगलच्या टी-५ ने त्याच वर्षी सरासरी आणि बायस दोन्ही वगळलेला नॉर्म वापरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या लामाने प्री-नॉर्म आणि आरएमएसनॉर्म ही जोडी घेतल्यावर ती जवळपास रिवाजच झाली.

तेव्हा आरएमएसनॉर्मने वेळ वाचवला. खोल मॉडेल उभं राहिलं ते नॉर्मच्या जागेमुळे. वरच्या वाट्यांच्या हिशेबात सरासरी वजा केली की नाही याने एकही आकडा बदलत नाही. एक सावधगिरी मात्र आरएमएसनॉर्म लिहिणाऱ्याला घ्यावी लागते. १६ बिटांच्या `float16` मध्ये सर्वांत मोठा आकडा ६५५०४ आणि २५६ चा वर्ग होतो ६५५३६. म्हणजे वाटेवरचा एखादा आकडा २५६ वर गेला की त्याचा वर्ग मावत नाही. म्हणून लामाच्या कोडमध्ये आकडे आधी ३२ बिटांत नेऊन नॉर्म काढला जातो आणि मग परत आणला जातो. प्री-नॉर्ममध्ये मुख्य वाट साचत जात असल्यामुळे ही अडचण नुसती पुस्तकी राहत नाही.

आता ते दुखणं. लामाच्या ६५ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलमध्ये ८० थर आहेत, म्हणजे १६० सांधे. प्रत्येक भर एककाची धरली तर शेवटी वाटेची उंची १६१ चं वर्गमूळ, सुमारे १२.७ होते. शेवटची फांदी त्या १२.७ वर १ ची भर टाकते, उंचीच्या मानाने आठ टक्के. प्रत्यक्षात वेट्स शिकताना मोठी होतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा धरू नये. पण दिशा तीच राहते: जितका थर खोल, तितकं त्याचं म्हणणं कमी ऐकू येतं. ज्या घटत्या वाट्यांनी मॉडेलला स्थिर केलं, त्यांनीच वरच्या थरांना जवळपास रिकामं बसवलं. २०२४ मध्ये आंद्रे ग्रोमोव्ह आणि सहकाऱ्यांनी लामा-२ च्या ७० अब्जांच्या मॉडेलमधले खोल भागातले जवळपास निम्मे थर काढून टाकले, थोडं पुन्हा शिकवून सांधा बुजवला, आणि काही प्रश्नोत्तरांच्या चाचण्यांवर फारसं बिघडलेलं दिसलं नाही. ज्याने त्या थरांच्या शिकवणीचं वीजबिल भरलं असेल, त्याला ही बातमी गोड लागली नसणार.

प्री-नॉर्मने अस्थैर्य संपवलं असंही नाही. गूगलच्या पाममध्ये २०२२ साली ११८ थर होते. सर्वांत मोठ्या मॉडेलच्या शिकवणीत लॉस सुमारे वीस वेळा अचानक उसळला. त्यांचा उपाय असा: उसळीच्या साधारण शंभर पावलं आधीच्या जतन केलेल्या प्रतीवर परत जायचं, २०० ते ५०० बॅचेस गाळायच्या आणि पुढे चालू लागायचं. गाळलेला मजकूर वाईट होता म्हणावं, तर तोच मजकूर दुसऱ्या एखाद्या जतन केलेल्या प्रतीला दिल्यावर उसळी येत नसे. मजकूर आणि मॉडेलची त्या घडीची अवस्था यांची गाठ पडावी लागे. हे पोस्ट-नॉर्मच्या चिकटलेल्या आकड्यापेक्षा निराळं आजारपण आहे: इथे मॉडेल आठवडाभर उत्तम शिकतं आणि मग एका पावलाला कोलमडतं.

म्हणून २०२१-२२ पासून नॉर्म पुन्हा इकडेतिकडे हलवून पाहिला जाऊ लागला. मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डीपनेटने पोस्ट-नॉर्मच परत आणला, पण वाटेवरच्या `x` ला आधी एका स्थिरांकाने मोठं केलं. नुसत्या डीकोडर मॉडेलसाठी तो स्थिरांक (2N)^(1/4), इथे N म्हणजे थर, आणि फांदीची वेट्स सुरुवातीला त्याला साजेशी लहान. शंभर थरांसाठी हा गुणक येतो ३.७६. आपल्या हिशेबात घातला तर वाटेचा व्हेरियन्स १४.१ आणि ताज्या फांदीचा वाटा अर्ध्यावरून पंधराव्या हिस्स्याच्या आसपास. आणि तोही सगळ्या फांद्यांना सारखा, पहिलीला अर्धा नि शेवटचीला नखभर असा नव्हे. या मार्गाने त्यांनी हजार थर शिकवले.

मोठ्या भाषा-मॉडेलांनी तो रस्ता फारसा धरला नाही. २०२२ चं जीएलएम-१३०बी हा ठळक अपवाद. २०२४ मध्ये गूगलच्या जेमा-२ ने फांदीच्या दोन्ही तोंडांना आरएमएसनॉर्म लावला, आत जातानाही आणि बाहेर पडतानाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ॲलन इन्स्टिट्यूटच्या ओल्मो-२ ने आत जातानाचा नॉर्म काढूनच टाकला आणि फक्त बाहेर पडतानाचा ठेवला:

```python
x = x + norm(f(x))
```

क्रमाने पाहिलं तर नॉर्म पुन्हा २०१७ सारखा कामाच्या नंतर आला आहे, पण बेरजेच्या आधी, फांदीच्या आतच. मुख्य वाटेला तो शिवत नाही. प्रत्येक भर किती मोठी असेल यावर आता मॉडेलचा ताबा नाही, नॉर्मचा आहे. आत जाताना आवर नसल्यामुळे अटेन्शनमधल्या क्वेरी आणि की यांचे गुणाकार फुगू शकतात, म्हणून ओल्मो-२ ने त्या दोन्हींवर वेगळा आरएमएसनॉर्म बसवला. शझीर यांच्या अक्षरांत लिहायचं तर ड्रॉपआउट वगळून ही मांडणी `"na"` होईल.